क्रिएटिन, बेस कॅम्पची वाट आणि दहा टक्के ऑक्सिजन

दोन महिन्यांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीने रात्री अकराला फोन केला. ती एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला निघाली होती. जिममधल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, ‘क्रिएटिन घेऊन जा, वर दम लागणार नाही.’ दुसऱ्या कुणीतरी बजावलं होतं, ‘चुकूनही नेऊ नकोस, शरीरातलं पाणी संपतं.’ सोबत तिने एका शोधनिबंधाची लिंकही पाठवली होती. ऑक्सिजन कमी असताना क्रिएटिन उपयोगी पडतं, असं त्यात सिद्ध झालंय म्हणे. ‘तू पीएचडी करतेस ना, मग सांग, खरं काय?’

माझा विषय हा नाही, पण निबंध वाचणं हे रोजचंच काम आहे. वाचत गेले तसं लक्षात आलं की तिन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या आहेत. एका प्रयोगातून आपण नेमकं किती घ्यायचं, हे शिकायला हे उदाहरण चांगलं आहे. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या प्रवेशाच्या तयारीत आहात. मुलाखतीत एखादा निबंध हातात देऊन ‘यातून काय निष्कर्ष काढाल?’ असं विचारतात. त्याचा सरावही यातून होईल.

टाकी आणि नळ

आधी क्रिएटिन काय करतं ते पाहू. स्नायू आकुंचन पावतो तो एटीपीवर. पण स्नायूत एटीपीचा साठा इतका थोडा असतो की जोरात काम केलं तर तो काही सेकंदच पुरेल. म्हणून शरीराने शेजारीच दुसरा साठा ठेवलेला आहे, फॉस्फोक्रिएटिनचा. एटीपी खर्च होऊन एडीपी झाला की फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट गट त्याला देऊन टाकतं आणि एटीपी पुन्हा तयार होतं. या क्रियेला ऑक्सिजन लागत नाही आणि ती अतिशय वेगाने होते. म्हणूनच शंभर मीटरची शर्यत, जड वजन उचलणं, उडी मारणं अशा दहा-पंधरा सेकंदांच्या कामात क्रिएटिनचा फायदा वारंवार दिसून आलेला आहे.

आपल्या शरीरात एकूण क्रिएटिन साधारण १२० ग्रॅम असतं, सत्तर किलोच्या माणसात. त्यातलं जवळपास ९५ टक्के स्नायूंमध्ये. रोज त्यातलं दोनेक ग्रॅम आपोआप क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे जातं. ही भर यकृत-मूत्रपिंडात तयार होणाऱ्या क्रिएटिनमधून आणि मांस-मासळीतून होते. शाकाहारी माणसाच्या स्नायूत साठा कमी असतो, त्यामुळे पूरक क्रिएटिन घेतल्यावर त्याच्यात वाढही जास्त दिसते. माझी मैत्रीण शाकाहारी आहे. म्हणजे फायदा व्हायचाच असेल तर तो तिच्यात दिसायला हवा.

आता खरा मुद्दा. दगडावरून उडी मारावी लागते तसे ट्रेकमध्ये काही क्षण येतात, पण ट्रेक म्हणजे सहा-सात तास एका संथ गतीने चालणं. हे काम ऑक्सिजनवर चालतं. मग वाढलेल्या फॉस्फोक्रिएटिनचा वाटा किती पडतो? हे आपण ढोबळ हिशेबाने काढू शकतो. असा हिशेब करून बघायची सवय लावून घ्या, कारण अर्धे वाद तिथेच मिटतात.

नामचे बाजारहून तेंगबोचेला जाताना वाट आधी दूधकोशी नदीपर्यंत खाली उतरते आणि मग पुलापासून तेंगबोचेपर्यंत साधारण सहाशे मीटरचा चढ लागतो. मैत्रिणीचं वजन साठ किलो, पाठीवर आठ किलोची सॅक. एकूण ६८ किलो ६०० मीटर वर न्यायचे, म्हणजे ६८ × ९.८ × ६००, सुमारे ४०० किलोज्यूल यांत्रिक काम. दुसरीकडे, पायांच्या स्नायूंचं वजन वीस किलो धरा. त्यातलं पाणी वगळलं तर कोरडं वजन पाचेक किलो. क्रिएटिन घेतल्याने फॉस्फोक्रिएटिन एका कोरड्या किलोमागे बारा मिलिमोल वाढलं असं धरू. म्हणजे एकूण साठ मिलिमोल. एका मोलमागे पन्नास किलोज्यूल ऊर्जा धरली तर तीन किलोज्यूल. त्यातली निम्मी जरी पायाच्या कामात उतरली तरी दीड किलोज्यूल. चारशेमध्ये दीड.

अर्धा टक्कासुद्धा नाही! त्या दिवशीच्या चढाला हे अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुरेल.

तुम्ही म्हणाल, पण हा साठा एकदाच थोडाच वापरायचाय, थांबलं की तो पुन्हा भरतो ना? बरोबर. आणि इथेच विरळ हवेची खरी अडचण सुरू होते. फॉस्फोक्रिएटिन हे इंधन नाहीच, ते उसनवारी आहे. आधी वापरायचं आणि मग फेडायचं, आणि फेड होते ऑक्सिजनवर. हॅसेलर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रशिक्षित व्यक्तींच्या पोटरीच्या स्नायूवर चुंबकीय अनुनादाने मोजमाप केलं. व्यायामानंतर फॉस्फोक्रिएटिन भरून येण्याचा वेग माणसाने कोणत्या हवेत श्वास घेतला यावर ठरत होता. दहा टक्के ऑक्सिजनच्या हवेत तो नेहमीपेक्षा मंद, शंभर टक्के ऑक्सिजनमध्ये वेगवान.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे हे. क्रिएटिन घेऊन तुम्ही टाकी थोडी मोठी केलीत. पण उंचीवर नगरपालिकेच्या नळाचंच पाणी कमी झालंय. मोठ्या टाकीमुळे पहिल्या काही बादल्या पटापट निघतील, पण दिवसभराचं पाणी नळावरच ठरणार. जिममधल्या माणसाचं वाक्य, ‘दम लागणार नाही’, इथे कोसळतं. बेस कॅम्पच्या उंचीवर माणसाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे पाव ते एक तृतीयांशाने घटलेली असते. दम लागतो तो त्यामुळे, आणि क्रिएटिन फुप्फुसातल्या किंवा रक्तातल्या ऑक्सिजनला हात लावत नाही.

मग तो निबंध काय म्हणतो?

आता मैत्रिणीने पाठवलेल्या निबंधाकडे वळू. तो २०१५ चा आहे, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या टर्नर, बिब्लो आणि गँट यांचा. प्रयोग सुबक आहे. पंधरा निरोगी प्रौढ व्यक्तींनी सात दिवस क्रिएटिन किंवा त्याच्यासारखीच दिसणारी निष्क्रिय पावडर घेतली. कुणाला काय मिळालं हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मोजणाऱ्यांनाही. पाच आठवडे मध्ये जाऊ देऊन प्रत्येकाने दुसरी पावडर घेतली, म्हणजे प्रत्येक जण स्वतःचाच तुलना-गट होता. त्यानंतर त्यांना नव्वद मिनिटं दहा टक्के ऑक्सिजनची हवा दिली.

निकाल असे: मेंदूतलं क्रिएटिन सुमारे नऊ टक्क्यांनी वाढलं होतं. ऑक्सिजन कमी झाल्यावर लक्ष एकाग्र ठेवण्याच्या अवघड चाचणीत निष्क्रिय पावडर घेतलेल्यांची कामगिरी घसरली, आणि क्रिएटिनमुळे ही घसरण भरून निघाली.

तुम्ही हे वाचलंत की मनात लगेच चित्र उभं राहतं: विरळ हवा, क्रिएटिन, सुधारणा. पण घाई नको. आधी दहा टक्के म्हणजे किती उंची ते काढू. श्वासनळीत हवा जाते तेव्हा ती पाण्याच्या वाफेने भरते, आणि वाफेचा दाब ४७ मिलिमीटर पारा असतो. तो वजा करूनच ऑक्सिजनचा दाब मोजायचा. प्रयोगशाळेत समुद्रसपाटीचा दाब ७६० धरला तर ०.१० × (७६० − ४७), म्हणजे ७१ मिलिमीटर. बेस कॅम्पवर, ५,३६४ मीटरला, हवेचा दाब साधारण ४०० मिलिमीटर असतो आणि ऑक्सिजनचं प्रमाण मात्र तेच २१ टक्के. म्हणून ०.२१ × (४०० − ४७), म्हणजे ७४. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. प्रयोगातली हवा बेस कॅम्पच्या थोडी वरची, एवढंच. इथवर प्रयोग आपल्या बाजूने आहे.

आता काय वेगळं आहे ते बघा. प्रयोगातली माणसं बसलेली होती. त्यांना समुद्रसपाटीवरून काही मिनिटांत त्या हवेत नेलं. बेस कॅम्पला जाणारा माणूस मात्र आठ-नऊ दिवस लुक्ला, नामचे, तेंगबोचे, डिंगबोचे, लोबुचे असं एकेक मुक्काम करत वर जातो. तेवढ्यात त्याचं श्वसन वाढतं, मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्त घट्ट होतं. नव्वद मिनिटांत यातलं फार थोडं घडतं. प्रयोगात मोजलं काय, तर लक्ष आणि मेंदूकडून स्नायूला जाणाऱ्या संकेतांची उत्तेजनक्षमता. चालणं मोजलं नाही, डोकेदुखी मोजली नाही, झोप मोजली नाही. संशोधकांनी तसा दावाही केलेला नाही. दावा तयार झाला तो व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘ऑक्सिजन कमी असताना’ याचं ‘ट्रेकमध्ये’ असं भाषांतर होताना.

प्रयोगात मोजलेली गोष्ट आणि आपल्याला हवी असलेली गोष्ट वेगळ्या असतात. निबंध वाचताना ‘निकाल काय’ याच्या आधी ‘मोजलं काय’ हे एका ओळीत वहीत लिहून ठेवा. मी हे करायला दुसऱ्या वर्षात शिकले, आणि पहिल्या वर्षात माझ्या गाईडकडून त्याबद्दल बऱ्यापैकी ऐकून घेतलंय.

तरीही निबंध टाकून देऊ नका. पंधरा माणसं असली तरी रचना चांगली होती, आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की क्रिएटिनचा साठा मदत करू शकतो ही कल्पना जीवरसायनाच्या दृष्टीने पटणारी आहे. फक्त ती पायाच्या ताकदीबद्दल नाही. ‘वर चढताना मदत होईल’ असं न म्हणता ‘उंचीवर अचानक गेलात तर अवघड चाचणीत लक्ष थोडं टिकून राहील’ एवढंच यातून म्हणता येईल.

पाण्याची गोष्ट

दुसरा दावा होता की क्रिएटिनने शरीर सुकतं. हा उलटाच निघतो. क्रिएटिन पेशीत शिरतं तेव्हा सोबत पाणी ओढून नेतं. सुरुवातीला दिवसाला वीस ग्रॅम असे पाच-सहा दिवस घेतले तर आठवडाभरात वजन साधारण किलोभर वाढतं, आणि ते बहुतेक पाणीच असतं. याच दिवसांत लघवीचं प्रमाणही कमी झालेलं हल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नोंदवलं. पाणी फक्त स्नायूत जाऊन बाकीचं शरीर कोरडं पडतं का? पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हेच मोजलं. एकूण पाणी वाढलं, पण पेशीच्या आत आणि बाहेर त्याची वाटणी बदलली नाही. उष्णतेत व्यायाम करणाऱ्यांच्या अभ्यासांचा २००९ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही क्रिएटिनमुळे शरीर सुकतं किंवा उष्णता सोसत नाही असा पुरावा मिळाला नाही. हे अभ्यास उष्णतेतले आहेत हे मात्र ध्यानात ठेवा, थंडीतले नाहीत.

मग ट्रेकमध्ये पाणी नेमकं कुठे जातं? बरंचसं श्वासातून. थंड हवेत वाफ जवळजवळ नसतेच. शून्य अंशाच्या, अर्ध्या आर्द्रतेच्या हवेत एका घनमीटरमागे अडीच ग्रॅमही पाणी नसतं. बाहेर पडणाऱ्या श्वासात मात्र पस्तीसेक ग्रॅम असतं. उंचीवर चालताना मिनिटाला पन्नास लिटर हवा घेतली असं धरलं, तर सहा तासांत अठरा घनमीटर हवा आत-बाहेर होते. म्हणजे अर्धा ते पाऊण लिटर पाणी नुसत्या श्वासातून गेलं, घाम आणि लघवी वेगळीच. थंडीत तहान लागत नाही आणि पाणी थंडगार असल्याने प्यावंसं वाटत नाही, म्हणून ही तूट सहज राहून जाते. त्यात पहिल्या दिवसांत उंचीमुळे लघवी वाढते, आणि ते चांगलं लक्षण असतं. उंचीशी नीट जुळवून घेणारे पाणी बाहेर टाकतात. ज्यांना उंचीचा आजार होतो त्यांच्यात पाणी साठून राहण्याचा कल दिसतो.

क्रिएटिनबाबत मला सगळ्यात काळजी वाटली ती इथे. समजा माझी मैत्रीण लुक्लाला उतरल्यावर वीस ग्रॅमचे डोस सुरू करते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नामचेला तिचं वजन वाढलेलं आहे आणि लघवी कमी झालेली आहे. हे क्रिएटिनमुळे की उंचीमुळे? कुणीच सांगू शकत नाही. तिने आपल्याच शरीरातला एक इशारा पुसून टाकलाय.

याहून वाईट म्हणजे पोट. क्रिएटिनचा एकदम मोठा डोस घेतला तर काही जणांना मळमळ किंवा जुलाब होतात. अभ्यासात एका वेळी पाच ग्रॅम घेणाऱ्यांपेक्षा दहा ग्रॅम घेणाऱ्यांना जुलाब जास्त झाले. आता उंचीच्या आजाराची लक्षणं बघा. २०१८ मध्ये सुधारलेल्या लेक लुईस पद्धतीत चार गोष्टींना शून्य ते तीन गुण देतात: डोकेदुखी, मळमळ-उलटी, थकवा-अशक्तपणा आणि चक्कर. अलीकडे चढलेल्या माणसाला डोकेदुखी असेल आणि एकूण गुण तीन किंवा जास्त असतील तर उंचीचा आजार धरायचा. डिंगबोचेला सकाळी मैत्रिणीला सौम्य डोकेदुखी आहे, सौम्य मळमळ आहे आणि जरा थकवा. एक अधिक एक अधिक एक, तीन. तंबूतला कुणी म्हणेल, ‘पावडर जास्त झाली असेल, पाणी पी आणि चल.’ पावडर सोबत असली की हे सोयीचं कारण हाताशी असतं, आणि माणूस पुढच्या मुक्कामाला चढतो. उंचीचा सौम्य आजार वेळीच ओळखला तर थांबून आराम केल्यावर सहसा बरा होतो. ओळखला नाही आणि चढत राहिलात तर फुप्फुसात किंवा मेंदूत सूज येऊ शकते, आणि ती जीवघेणी असते.

म्हणून तिला मी एकच नियम लिहून दिला. वर गेल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, चाल अडखळली, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं समजायचं. पुढे चढायचं नाही. लक्षणं वाढली, किंवा बसल्या जागी धाप लागली, खोकला आला, सरळ रेषेत चालता आलं नाही, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. ‘जास्त पाणी पिऊन उंचीचा आजार टळतो’ हेही खरं नाही. जबरदस्तीने पाणी पिण्याने तो टळत नाही, उलट रक्तातलं सोडियम उतरण्याचा धोका असतो. तहान आणि लघवीचा रंग बघून प्यायचं. आजार टाळायचा खात्रीचा मार्ग जुनाच आहे: तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. गरज असेल तर डॉक्टर अ‍ॅसिटाझोलामाइड देतात. ते खरोखर श्वसन वाढवून काम करतं. क्रिएटिन त्याची जागा घेऊ शकत नाही.

घ्यायचंच असेल तर कसं

वजनाचा हिशेबही करून टाकते, कारण तो सगळे विचारतात. ६८ चे ६९ किलो झाले, म्हणजे दीड टक्का वाढ. एक किलो लुक्लापासून बेस कॅम्पपर्यंत अडीच हजार मीटर वर न्यायला पायाच्या यंत्राची कार्यक्षमता धरून शंभर किलोज्यूल खर्च होतील. हे एखाद-दुसऱ्या ग्लुकोज बिस्किटाएवढं. एकूण ऊर्जेत काहीच नाही. मात्र किलोमागे ऑक्सिजनची क्षमता त्याच दीड टक्क्याने कमी होते, आणि वर आधीच पाव गेलेली असताना तो दीड टक्का चढावर जाणवू शकतो. मी याला फायदा म्हणणार नाही, पण घाबरण्यासारखंही काही नाही.

क्रिएटिनचा खरा उपयोग ट्रेकच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत आहे. पायऱ्या, स्क्वॉट्स, सॅक घेऊन चढ असा ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना त्याने व्यायामाचा फायदा जास्त मिळतो, आणि हे ज्ञान चांगलं पक्कं आहे. त्यासाठी वीस ग्रॅमची घाई लागत नाही. दिवसाला तीन ग्रॅम असे महिनाभर घेतले तरी स्नायूतला साठा जवळपास तेवढाच भरतो, हे त्याच १९९६ च्या अभ्यासातून दिसलं होतं. असा साठा हळूहळू भरला की पोटही बिघडत नाही आणि वजन काय वाढायचं ते पुण्यातच वाढून गेलेलं असतं. वर जाताना नवा बदल राहत नाही. बंद केल्यावर साठा पूर्ववत व्हायला चारेक आठवडे लागतात. म्हणजे तो ट्रेकभर टिकून राहतोच, सोबत डबा न्यायची गरजच उरत नाही.

तरी कुणाला न्यायचाच असेल तर आणखी एक गोष्ट. क्रिएटिन थंड पाण्यात विरघळत नाही. वीस अंशाला एका लिटरमध्ये चौदा ग्रॅम विरघळतं, चार अंशाला फक्त सहा. म्हणजे पाच ग्रॅमची पुडी थंडगार अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकलीत तर दोन ग्रॅम तळाशी वाळूसारखं राहील. कोमट पाण्यात घाला, लगेच प्या.

रक्ततपासणीचं सांगायलाच हवं. ट्रेकच्या आधी वैद्यकीय दाखला मागतात आणि त्यात क्रिएटिनिन बघतात. क्रिएटिन घेत असाल तर रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं आणि त्यावरून काढलेला मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज खोटाच कमी येतो. डॉक्टरांना आधी सांगा. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही दुसरी तपासणी क्रिएटिनवर अवलंबून नसते. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

तुम्ही प्रयोग रचलात तर

आता एक गृहपाठ, कारण हा लेख शेवटी तुमच्यासाठी आहे. ‘क्रिएटिनमुळे बेस कॅम्पच्या वाटेवर उंचीचा आजार कमी होतो का?’ हा प्रश्न तुम्हाला दिला तर प्रयोग कसा रचाल?

पहिली इच्छा ऑकलंडसारखी रचना करायची होईल, प्रत्येकाला दोन्ही पावडर. पण तसं करायचं तर प्रत्येकाला एकाच ट्रेकला दोनदा पाठवावं लागेल. एकदा उंचीशी जुळलेलं शरीर लगेच पूर्ववत होत नाही, आणि दोन फेऱ्यांत हवामान, ऋतू, सोबतची माणसं सगळंच बदलतं. म्हणून दोन वेगवेगळे गट करावे लागतील. मग आकडा वाढतो. निष्क्रिय पावडर घेणाऱ्यांत चाळीस टक्क्यांना आजार होईल आणि क्रिएटिनने तो वीसवर येईल असं धरलं, नेहमीचे पाच टक्के आणि ऐंशी टक्के शक्ती हे निकष लावले, तर प्रत्येक गटात ८२ जण लागतात. क्रिएटिनने चाळीसचे तीसच होत असतील, तर प्रत्येक गटात साडेतीनशेहून जास्त. ऑकलंडला पंधरा पुरले, कारण तिथे तुलना एकाच माणसाची स्वतःशी होती आणि मोजमाप हो-नाहीत नव्हतं.

दुसरी अडचण आंधळेपणाची. वजन किलोभर वाढतं, पोट बिघडू शकतं. सहभागींपैकी बऱ्याच जणांना आपल्याला काय मिळालंय हे कळेल. डोकेदुखीचे गुण माणूस स्वतः देतो, त्यामुळे जे कळलं ते गुणांत उतरेल. यावर उपाय म्हणजे साठा आधीच तीन ग्रॅमने भरून घ्यायचा, वजनाचा बदल ट्रेकच्या आधी स्थिर होऊ द्यायचा, आणि शेवटी प्रत्येकाला विचारायचं, ‘तुम्हाला कोणती पावडर मिळाली असं वाटतं?’ बरोबर ओळखणारे निम्म्याहून बरेच जास्त निघाले तर आंधळेपणा फुटला आहे, आणि निकाल लिहिताना ते लिहावं लागेल.

तिसरी अडचण मी मुद्दाम सोडते आहे: मळमळीचे गुण क्रिएटिनमुळे आले की उंचीमुळे, हे निकालात कसं वेगळं कराल? माझ्या मते चारही लक्षणांची बेरीज मुख्य निष्पत्ती म्हणून घेऊ नये. डोकेदुखी एकटी वेगळी घ्यावी, आणि सोबत रात्रीचं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, जे कुणाच्या मतावर अवलंबून नाही. तुम्हाला दुसरा मार्ग सुचला तर कळवा.

मैत्रीण गेल्या आठवड्यात परत आली. डबा तिने पुण्यातच ठेवला होता. लोबुचेला डोकं दुखलं म्हणून तिने एक दिवस जास्त मुक्काम केला, सोबतचे दोघे पुढे गेले, आणि ती दुसऱ्या दिवशी हळूहळू वर गेली. फोनवर म्हणाली, ‘तुझा तो नियम मी वहीत लिहून नेला होता, पण सकाळी साडेपाचला पाळायला फार जड जातो गं.’